नोकरीसाठी ‘नाही’ कसं कळवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या साठेक माणसांच्या एका मशिन शॉपमध्ये मी भरतीचं काम बघते. आमच्यासारख्या कारखान्यात वेगळा एचआर विभाग नसतो. हजेरी, पगार, पीएफ आणि भरती सगळं एकाच टेबलावर, आणि टेबलामागे एकच माणूस. मुलाखत झाली, पण घ्यायचं नाही असं ठरलं, तर त्या उमेदवाराला काय लिहायचं, हे मला शिरोलीतून, गोकुळ शिरगावातून, कागलकडच्या वसाहतीतून आणि अधूनमधून राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्यातूनही विचारलं जातं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

१. कळवायलाच हवं का? फोन आला नाही की माणूस समजून जातोच की.

समजत नाही. आपल्याकडे मुलाखत संपताना ‘कळवतो तुम्हाला’ म्हणायची पद्धत आहे. म्हणणाऱ्याच्या मनात ते बऱ्याचदा ‘नाही’ असतं. ऐकणारा मात्र ते शब्दशः घेतो, आणि घेणारच, कारण ज्याला खरंच घ्यायचं असतं त्यालाही आपण ‘कळवतो’च म्हणतो. दोघांना एकच शब्द दिल्यावर फरक त्याने कुठून ओळखायचा?

मग तीन आठवड्यांनी फोन येतो, ‘मॅडम, कळवतो म्हणालासा की!’ तोवर त्याने दुसरीकडचं बोलावणं टाळलेलं असतं किंवा आहे ती नोकरी सोडायची तयारी केलेली असते. प्रत्यक्ष भेटून ज्याची मुलाखत घेतली, त्या प्रत्येकाला लेखी कळवायचं, हा माझा नियम. दहा जण आले तर दहा संदेश.

२. ज्यांनी नुसता बायोडेटा पाठवलाय, त्यांनाही कळवायचं का?

एका जागेला दोनशे बायोडेटा येतात, तेव्हा प्रत्येकाला लिहिणं होत नाही. त्यासाठी जाहिरातीतच एक तारीख घालावी: ‘२० तारखेपर्यंत मुलाखतीचा फोन आला नाही, तर तुमचा अर्ज पुढे गेला नाही असं समजावं.’ तारीख पाळायची मात्र. २० नंतर २५ला कोणाला बोलावलंत, तर पुढच्या वेळी त्या ओळीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

३. किती दिवसांत पाठवायचा?

निर्णय झाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. इथे एक गोष्ट सगळ्यांना अडवते. निवडलेला मुलगा ‘येतो’ म्हणतो आणि चार दिवसांनी पुण्याला, चाकणला निघून जातो. मग मालक म्हणतात, ‘तो हजर होईपर्यंत कोणालाच नाही म्हणू नका.’ यात सगळ्यांना अडकवायची गरज नसते. ज्याला पहिल्याने नकार दिल्यावर आपण खरंच बोलावू, असा उमेदवार एक असतो, क्वचित दोन. त्यांच्यासाठी प्रश्न १० पहा. बाकीच्यांचा निर्णय झालेलाच आहे, त्यांना लगेच कळवावं.

वेळ कामाच्या दिवसाची, दुपारनंतरची बरी. रात्री साडेदहाला पाठवलेला संदेश माणूस अंथरुणात वाचतो. सणाच्या आदल्या दिवशीही टाळते मी. पण ‘दिवाळी होऊ दे’ म्हणत दोन आठवडे थांबणं हे त्याहून वाईट.

४. आमचा नेहमीचा मजकूर खाली दिलाय. चांगला सभ्य आहे, तरी लोक परत फोन करतात. चुकतंय काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि मजकूरही जवळपास सगळीकडे एकच असतो. आमच्याकडेही तोच होता. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी गडहिंग्लजचा एक मुलगा दोनदा येऊन गेला होता, एकदा मुलाखतीला आणि एकदा प्रॅक्टिकलला. त्याला मी हे पाठवलं होतं:

> महोदय, आपल्या दि. १२ रोजीच्या मुलाखतीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपला अनुभव व ज्ञान प्रशंसनीय असले तरी सध्या आपली निवड करणे शक्य झालेले नाही. तरी भविष्यात संधी उपलब्ध झाल्यास आपला जरूर विचार करण्यात येईल. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.

अकराव्या दिवशी त्याचा फोन. ‘मॅडम, माझं काय ठरलं?’ मी म्हटलं, संदेश पाठवला होता ना? तो म्हणाला, ‘मिळाला की. सध्या जमंना म्हणून लिहिलंय. म्हटलं, आता महिना संपला, विचारून बघावं.’ त्याने मजकूर नीटच वाचला होता. चूक माझ्या लिहिण्यात होती.

आता वाक्यं एकेक करून बघू. ‘कळविण्यात येते’ यात कळवणारा कोणी दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावरची भाषा आहे ही. पुढे ‘प्रशंसनीय असले तरी’. निर्णयाच्या आधी कौतुक आलं की वाचणारा पहिल्या अर्ध्या वाक्यात खूश होतो आणि दुसऱ्या अर्ध्यात पडतो. शिवाय मुलाखतीत आम्ही नेमकं कशाचं कौतुक केलं असतं, हेही त्यात नाही, त्यामुळे ते खोटंच वाटतं. मग ‘सध्या’. हा शब्द नसता तर कदाचित तो फोन आलाच नसता (प्रश्न ५ पहा). ‘शक्य झालेले नाही’ म्हणजे आम्हाला करायचं होतं पण जमलं नाही, असा अर्थ निघतो. तसं नव्हतं, आम्ही दुसऱ्याला निवडलं होतं. ‘जरूर विचार करण्यात येईल’ हे तर सरळ आश्वासन आहे, आणि ते पाळायला आमच्याकडे साधी वहीसुद्धा नव्हती. राहिल्या शुभेच्छा. ‘उज्ज्वल भवितव्य’ हे दहावीच्या निकालाच्या फ्लेक्सवर शोभतं.

त्या दिवशी संध्याकाळी बसून मी तो संदेश पुन्हा लिहिला, आणि फोनवर त्याची माफी मागून त्याला हाच पाठवला:

> नमस्कार (पहिलं नाव),
> क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं आहे आणि ती जागा भरली आहे.
> प्रॅक्टिकलमध्ये ४० मिमीचा बोअर तुम्ही व्हर्नियरने मोजलात. त्याची टॉलरन्स २५ मायक्रॉन होती, तिथे बोअर गेज लागतो, आणि आमच्याकडे हे काम पहिल्या दिवसापासून रोज आहे. निवड त्यावर ठरली.
> ड्रॉइंग तुम्ही कोणाला न विचारता वाचलंत, पाचही मापं बरोबर शोधलीत. ते आमच्या सुपरवायझरनी मुद्दाम सांगितलं.
> तुमच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स आम्ही महिनाअखेरीला फाडून टाकतो. हव्या असतील तर त्याआधी गेटवरून घेऊन जा.
> गडहिंग्लजहून दोनदा आलात, त्याबद्दल मनापासून आभार.

निर्णय पहिल्याच वाक्यात आला. फोनच्या पडद्यावर संदेश न उघडता जेवढं दिसतं, तेवढ्यातच बातमी कळते. ‘जागा भरली’ हे त्यामागोमाग येतं, कारण दार बंद व्हायला तेच दोन शब्द पुरतात. कारण एकच दिलं, आणि ते त्याने त्या दिवशी हाताने केलेल्या कामातलं. व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. २५ मायक्रॉनची टॉलरन्स त्याने तपासता येत नाही, हे त्याला वाचताक्षणी पटणार. ‘अनुभव कमी पडला’ यावर वाद घालता येतो, यावर येत नाही. कौतुक निर्णयानंतर आलं, ‘पण’ न लावता, आणि तेही तपासून बघता येईल असं. झेरॉक्सची ओळ मी मुद्दाम ठेवली. कागद परत द्यायची भाषा निघाली की प्रकरण मिटलं हे माणसाला आपोआप कळतं.

त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. बोअर गेज सेट करायला कुठे शिकायला मिळेल, एवढंच त्याने विचारलं. मायक्रोमीटर लावून किंवा रिंग गेजवर शून्य कसा घ्यायचा हे त्याला कोणी दाखवलेलंच नव्हतं.

५. ‘सध्या’ लिहिलं तर बिघडलं काय? जरा मऊ वाटतं.

मऊ वाटतं ते लिहिणाऱ्याला. मराठीत नकार पातळ करणारे शब्द भरपूर आहेत: सध्या, तूर्तास, या घडीला, बघू, प्रयत्न करू, लक्षात ठेवू, नाव ठेवलंय. यांतला प्रत्येक शब्द वाचणाऱ्याच्या कानात ‘नंतर’ असा वाजतो. ‘सध्या निवड नाही’ म्हणजे पुढच्या महिन्यात असेल. आता तुमच्या मनात तसं खरंच असेल, तर तारीख लिहा: ‘एप्रिलमध्ये दुसरी पाळी सुरू होणार आहे, तेव्हा मी तुम्हाला फोन करेन.’ तारीख लिहायची हिंमत होत नसेल तर ‘सध्या’ही लिहू नये.

लिहून झाल्यावर संदेशातून हे शब्द शोधून खोडून बघा. वाक्य कडक वाटायला लागलं, तर ते बहुतेक नुसतं स्पष्ट झालेलं असतं.

६. मग ‘हा निर्णय अंतिम आहे’ असंच लिहून टाकू का?

नको. ते वक्तृत्व स्पर्धेच्या नियमावलीतलं वाक्य आहे. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे ज्याच्याशी भांडण होईल अशी भीती असते त्याला सांगतात. उमेदवाराने अजून काहीच म्हटलेलं नसताना त्याला गप्प करू नये. जे घडलं ते सांगितलं की पुरतं: जागा भरली, किंवा दुसऱ्याला घेतलं, किंवा ती जागाच रद्द झाली.

७. ‘अपात्र’, ‘नापसंत’, ‘निवड झाली नाही’, यांत फरक काय?

बराच आहे. अपात्र म्हणजे जाहिरातीतली अट पूर्ण होत नाही. आयटीआय मागितला होता आणि तो नाही, किंवा अवजड वाहनाचं लायसन्स हवं होतं आणि ते नाही. मुलाखतीला बोलावून घेतलेल्या माणसाला अपात्र म्हणणं चुकीचं आहे. पात्र होता म्हणूनच तर बोलावलं. ‘नापसंत’ हा शब्द स्थळाला वापरतात, कारखान्यात नको. ‘निवड झालेली नाही’ हे बरोबर आहे, आणि त्याला जोडून ‘आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं’ हे वाक्य असावं. निर्णय कोणीतरी घेतला आहे, तो आपोआप झालेला नाही, हे त्या ‘आम्ही’मुळे कळतं.

८. आपण, तुम्ही की तू? मुलगा एकोणीस वर्षांचा आहे.

तुम्ही. गेटवर भेटल्यावर ‘काय रे, कुठला तू?’ असं आपण विचारतो, कोल्हापुरात त्यात कोणाला काही वाटत नाही. पण नकारात ‘तू’ आला की तो झटकल्यासारखा लागतो. ‘आपण’ दुसऱ्या टोकाला जातो. त्याच्यामागून ‘कळविण्यात येते’ येतंच.

नावाआधी सौ., कु., श्री. लावायची गरज नाही. विशेषतः बाईंच्या नावाआधी सौ. की कु. हे आपल्याला माहीत असायचं कारणच नसतं. ‘नमस्कार’ आणि पहिलं नाव पुरे. पन्नाशीचा उमेदवार असेल तर आडनावापुढे ‘साहेब’ किंवा नावापुढे ‘मॅडम’, समोरासमोर हाक मारली असेल तसं.

९. व्हॉट्सअॅप, फोन, एसएमएस की पत्र?

पहिल्यांदाच मुलाखत झाली असेल तर व्हॉट्सअॅप. दोनदा-तीनदा येऊन गेलेल्याला किंवा ओळखीतल्याला आधी दोन मिनिटांचा फोन आणि लगेच तोच मजकूर लिहून. फोन एकटा पुरत नाही, कारण ऐकणारा त्या वेळी निम्मं ऐकतो आणि घरी जाऊन वेगळंच सांगतो.

व्हॉट्सअॅपच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच पोचतो. उमेदवाराने कारखान्याचा नंबर सेव्ह केलेला असेलच असं नाही, म्हणजे नऊ जणांना पाठवला असं आपल्याला वाटतं आणि चार जणांनाच जातो. दुसरं, ग्रुप करून पाठवणं. हे मी एकदा केलं आहे, घाईत. सहा जणांना सहाही जणांचे नंबर दिसले, आणि त्यांतले दोघं एकाच गावचे निघाले. संदेश पुसला तरी ‘पुसलेला संदेश’ म्हणून तिथे राहतोच. तेव्हापासून एकेकाला पाठवते, वेळ लागतो तो लागू दे.

साधा एसएमएस मराठीत पाठवायचा तर एका संदेशात ७० अक्षरं मावतात, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. एवढ्यात कारण बसत नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला फोन करून सांगावं.

१०. दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला काय सांगू? पहिला आला नाही तर हाच लागणार.

त्याला खरं सांगा, तारखेसकट. ‘आम्ही एका उमेदवाराला बोलावलं आहे. तो आला नाही तर तुम्हाला बोलावू. शुक्रवारी ५ वाजेपर्यंत मी तुम्हाला हो किंवा नाही कळवेन. दरम्यान दुसरीकडे संधी आली तर जरूर घ्या.’ शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबतो, कारण तो खरंच निघून जाईल अशी भीती असते. पण त्याला न सांगता अडकवून ठेवणं हा आपला फायदा आणि त्याचं नुकसान, असा सरळ हिशोब आहे.

शुक्रवार आला की पाचच्या आत कळवायचं. नाही ठरलं तर प्रश्न ४मधला मजकूर, आणि त्यात ‘तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं’ ही एक ओळ. ती खरी असेल तरच. सगळ्यांनाच ‘थोडक्यात हुकलं’ लिहिणारे कारखाने मला माहीत आहेत. एसटीत दोन उमेदवार शेजारी बसले की ते उघडं पडतं.

११. कारण द्यायलाच हवं का? दिलं तर वाद होतो.

ज्यावर वाद होतो ते कारण बहुतेक माणसाबद्दल असतं: आत्मविश्वास कमी, बोलणं नीट नाही, स्वभाव जुळणार नाही. ज्यावर होत नाही ते कामाबद्दल असतं. टॅली येतं पण जीएसटी रिटर्न भरलेलं नाही. एक्सेलमध्ये पिव्होट जमलं नाही. रात्रपाळी करता येणार नाही असं तुम्हीच म्हणालात. असं कारण सापडत असेल तर एक द्या. एकच. तीन दिली की दोषारोपपत्र होतं, आणि तिन्हींतल्या सगळ्यांत कच्च्या कारणावर तो बोट ठेवतो.

सापडत नसेल तर कारण बनवू नका. दोघं सारखेच होते आणि दुसऱ्याचं घर कारखान्याजवळ होतं, असंही होतं. तेव्हा ‘दोन उमेदवार जवळपास सारखे होते, आम्हाला एकाला निवडायचं होतं’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

१२. खरं कारण लिहिण्यासारखं नसेल तर? मालकांना लग्न ठरलेली मुलगी नको होती.

हा संदेश सुधारून सुटणारा प्रश्न नाही. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला १९७६च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे आणि २०१९च्या वेतन संहितेतही ती आहे. मला अशा वेळी गोड शब्द शोधून द्या म्हणून विचारतात. मी देत नाही. संदेश पाठवायच्या आधी मालकांकडे परत जा आणि विचारा, कामाच्या कसोटीवर ती कुठे कमी पडली? उत्तर नसेल तर निवड पुन्हा करायला हवी. ‘कारण लिहिता येत नाही’ ही अडचण बऱ्याचदा निवडीतलीच चूक दाखवत असते. अपंगत्व, जात, धर्म यांच्या बाबतीतही मी हेच म्हणेन.

१३. पाव्हण्यांच्या ओळखीने आलेल्याला नाही कसं म्हणायचं?

कोल्हापुरात हा अपवाद नाही, निम्मी भरती अशीच येते. इथे चूक एकच होते: आपण पाव्हण्यांना सांगतो आणि मुलाला सांगायचं त्यांच्यावर सोडतो. पाव्हणे ते सांगताना आपल्या पदरचं घालतात. ‘साहेबांशी बोललोय, पुढच्या वेळी नक्की.’ झालं, मुलगा पुढच्या वेळेची वाट बघत बसला.

आधी मुलाला लिहायचं, तोच मजकूर जो बाकीच्यांना. त्यानंतर पाव्हण्यांना फोन: ‘तुमच्या पुतण्याला मी मघाशी कळवलंय, या जागेवर दुसऱ्याला घेतलं. कारण त्याला लिहिलंय, तो सांगेल तुम्हाला.’ कारण पाव्हण्यांना सांगायचं नाही. मुलाचं प्रॅक्टिकल कसं झालं ही त्याची गोष्ट आहे. मुलाच्या वडिलांचा फोन आला तरी हेच.

१४. उमेदवार आमच्याकडेच अप्रेंटिस किंवा कंत्राटी आहे. उद्या परत समोर येणार.

मग लिहायच्या आधी समोर बसवून सांगा, आणि शॉप फ्लोअरवर बातमी फुटायच्या आत. पाळी सुटताना सांगावं, पाळीच्या सुरुवातीला नको. आठ तास मशिनवर उभं राहून त्याने काय करायचं? त्याच्या बाबतीत एक वाक्य जास्त लागतं, जे बाहेरच्याला लागत नाही: त्याचं आत्ताचं काम चालू राहणार की नाही. ‘कायम जागेसाठी निवड झालेली नाही. तुमची अप्रेंटिसशिप ठरल्याप्रमाणे ऑगस्टअखेरपर्यंत आहे, त्यात काही बदल नाही.’ हे वाक्य राहिलं, तर तो आपल्याला काढलं असंच समजतो.

१५. निवड कोणाचीच केली नाही, जाहिरात परत देतोय. मग?

‘जागा भरली’ इथे लिहिता येत नाही, ते खोटं होईल आणि आठवड्याभरात जाहिरात दिसली की पकडलं जाईल. लिहायचं ते असं: ‘या जागेसाठी आम्ही कोणालाच निवडलेलं नाही. जाहिरात पुन्हा देत आहोत, ती तुम्हाला दिसेल. तुमच्या अर्जाचा विचार पूर्ण झाला आहे, त्यामुळे या जागेसाठी परत अर्ज करू नका.’ वाचायला कडू आहे. पण हे नाही लिहिलं तर तो तीच जाहिरात बघून तोच बायोडेटा घेऊन परत गेटवर येतो, आणि तिथे वॉचमनने त्याला परत पाठवणं जास्त कडू.

इथे कारण टाळू नये. कोणीच निवडला गेलेला नसताना ‘दुसरा बरा होता’ ही आड राहत नाही.

१६. नाही कळवल्यावर तो विनवणी करतोय. ‘पगार कमी द्या, पण घ्या.’

एकदा उत्तर द्या, निर्णयाला धरून आणि नवीन कारण न देता: ‘तुमची निकड मला समजते. जागा भरली आहे, पगार कमी-जास्त केल्याने त्यात बदल होणार नाही.’ यानंतर तो परत लिहील. तेव्हा उत्तर नाही दिलं तरी चालतं. प्रत्येक उत्तर थोडं वेगळं होत जातं आणि चौथ्या उत्तरात आपल्या तोंडून ‘बघू’ निघतं. मग पहिल्यापासून सुरू.

चिडून लिहिणाऱ्यालाही एकच उत्तर. फक्त त्याने मुलाखतीत झालेली एखादी खरी चूक दाखवली असेल, म्हणजे दोन तास बसवून ठेवलं किंवा चुकीचं ड्रॉइंग दिलं, तर ती मान्य करावी. चुकीच्या ड्रॉइंगवर परीक्षा झाली असेल तर ती परत घ्यावी लागेल, त्याशिवाय नकार पक्का होत नाही.

१७. चुकून ‘निवड झाली’चा संदेश दुसऱ्यालाच गेला. आता?

संदेश पुसून गप्प बसू नका. लगेच फोन, आणि तोही ज्याने संदेश पाठवला त्यानेच करायचा, शिपायाने किंवा रिसेप्शनने नाही. पहिल्याच वाक्यात चूक सांगायची: ‘मघाचा संदेश माझ्याकडून चुकून तुम्हाला गेला. तुमची निवड झालेली नाही. चूक पूर्णपणे माझी आहे.’ सिस्टीमची नाही, नेटवर्कची नाही. मग त्याला बोलू द्या.

फोन ठेवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: मधल्या वेळात तुम्ही काही केलंत का? राजीनामा दिला का, खोली बघितली का, एसटीचं तिकीट काढलं का. दहा मिनिटांत चूक सापडली तर सहसा काही झालेलं नसतं, फार तर घरी पेढे आणायला कोणी बाहेर पडलेलं असतं. दोन दिवस गेले असतील आणि त्याने आहे ती नोकरी सोडली असेल, तर ते प्रकरण माफीवर मिटत नाही. तिथे मालकांना सोबत घेऊन बसावं लागतं, आणि पहिली नोकरी परत मिळेल का यासाठी त्याच्या जुन्या मालकाला आपण स्वतः फोन करावा लागतो. उमेदवाराने हो म्हटलं तरच. नंतर तेच सगळं लिहूनही पाठवायचं, सहीसकट.